अॅप ‘पासकी तयार करा’ म्हणतं तेव्हा: आधी किल्ली कुठे राहणार ते बघा

नेहमीसारखं लॉगिन करावं आणि अॅप उघडण्याऐवजी खालून एक चौकट वर यावी: `Create a passkey`. त्याखाली तुमचा ईमेल पत्ता आणि एक बटण, `Continue`. ते दाबलं की फोन बोटाचा ठसा मागतो, दोन सेकंदांत सगळं आटोपतं आणि नेमकं काय झालं ते कळतच नाही. काहींना वाटतं, अॅपने आपला ठसा घेतला. काहींना वाटतं, फोन नेहमी पासवर्ड साठवतो तसा आत्ताही साठवला असेल. या दोन्हींपैकी काहीच झालेलं नसतं. त्या चौकटीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ बारीक अक्षरात असते आणि आपण ती न वाचताच पुढे जातो. ही पासकी कुठे साठवली जाणार, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. फोन हरवला किंवा बदलला की खात्यात परत जाता येईल की नाही, हे बहुतांशी त्या ओळीवर ठरतं.

बटण दाबल्यावर काय घडतं

पासवर्ड म्हणजे दोघांना माहीत असलेलं गुपित. तुम्हाला तो ठाऊक असतो आणि सेवेकडेही त्याचं काहीतरी रूप साठवलेलं असतं. लॉगिन करताना तो प्रत्येक वेळी तुमच्याकडून त्यांच्याकडे जातो. म्हणून तो वाटेत, खोट्या पानावर किंवा त्यांच्याकडच्या साठ्यातून असा तीन ठिकाणी चोरीला जाऊ शकतो.

पासकीमध्ये दोघांना माहीत असलेलं गुपितच नसतं. तुम्ही `Continue` दाबता तेव्हा फोन त्या एका सेवेसाठी किल्ल्यांची एक नवी जोडी तयार करतो. खासगी किल्ली तुमच्याकडेच राहते आणि सार्वजनिक किल्ली सेवेकडे जाते. बँकेत खातं उघडताना सहीचा नमुना देतात, तशी ही सार्वजनिक किल्ली समजा. पुढे येणारी सही तुमचीच आहे का, एवढं तिच्यावरून ताडून पाहता येतं. फरक असा, की कागदावरचा नमुना पाहून कुणी सही गिरवू शकतो, पण सार्वजनिक किल्ली हातात असली तरी तिच्यावरून खासगी किल्ली काढता येत नाही. त्यामुळे सेवेचा सगळा साठा उद्या फुटला तरी चोराच्या हाती नुसते नमुने लागतील. त्यांच्या जोरावर त्याला कुठेही लॉगिन करता येणार नाही.

मग बोटाचा ठसा कशाला? तो फक्त फोनला दाखवायचा असतो. स्क्रीन उघडताना फोन जसा ठसा तपासतो, तसाच तो इथेही स्वतःच तपासतो आणि मगच खासगी किल्लीला हात लावू देतो. ‘फोनच्या मालकाची ओळख पटली’ एवढीच खूण सेवेकडे जाते. ठसा किंवा चेहरा फोनच्या बाहेर पडत नाही. बोट ओलं असेल, ठसा जुळत नसेल, तर फोनचा पिन किंवा पॅटर्न चालतो. हे पिनचं कलम लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पुढच्या लॉगिनला, अगदी जवळून

लॉगिनच्या वेळी सेवा एक नवाकोरा, यादृच्छिक आकडा पाठवते. फोन तुमचा ठसा पाहतो, खासगी किल्लीने सही करतो आणि उत्तर परत पाठवतो. ज्या मजकुरावर सही होते त्यात ब्राउझर साधारण असं काही लिहितो:

```
{
  "type": "webauthn.get",
  "challenge": "q7Zt0c1x...",
  "origin": "https://accounts.google.com"
}
```

`challenge` म्हणजे तो आकडा. तो प्रत्येक वेळी वेगळा असतो, म्हणून कालची सही कुणी पकडून ठेवली तरी आज तिचा उपयोग नाही. पण खरी गंमत `origin` या ओळीत आहे. तुम्ही कुठल्या पानावर आहात, हे ब्राउझर स्वतः तिथे लिहितो. ते पानाला बदलता येत नाही आणि तुम्हालाही नाही.

आता समजा, ‘तुमचं खातं बंद होणार आहे’ असा मेसेज आला आणि त्यातल्या लिंकवरून तुम्ही `google-login.example` नावाच्या पानावर पोचलात. पान हुबेहूब तसंच, चिन्ह तेच, रंगही तोच. घाईत असलेला माणूस तिथे पासवर्ड टाकून मोकळा होतो, मागाहून आलेला ओटीपीही टाकतो आणि चोर तो ओटीपी लगोलग खऱ्या पानावर वापरतो. पासकीच्या बाबतीत हे घडतच नाही. तुमची पासकी `google.com` साठी बनलेली असते. समोरचा पत्ता वेगळा असल्यामुळे ब्राउझर ती पुढेच करत नाही. फसायचं की नाही हा निर्णय डोळ्यांवर सोडलेलाच नसतो. पासवर्ड आणि ओटीपी यांची जोडी कितीही चांगली असली तरी तिला हे जमत नाही. पासकी घ्यावी असं म्हणण्यामागे हेच सगळ्यात भक्कम कारण आहे.

म्हणून नेहमीच्या पानावर पासकी पुढे आली नाही, तर चिडून ‘दुसरा मार्ग’ शोधण्याआधी वरचा पत्ता वाचा. खोटी पानं नेमकं हेच करतात. ‘पासकीत अडचण आहे, पासवर्ड टाका’ असं सांगून तुम्हाला जुन्या दाराने आत घ्यायला बघतात.

एक उदाहरण: अँड्रॉइड फोन, विंडोज लॅपटॉप आणि गूगल खातं

हे उदाहरण घेण्याचं कारण, यात बहुतेक अडचणी एकाच ठिकाणी भेटतात. फोन अँड्रॉइड 9 किंवा त्यापुढचा हवा आणि त्याला स्क्रीन लॉक लावलेलं हवं. आयफोनवर हेच करायचं असेल तर आयओएस 16 किंवा पुढची आवृत्ती लागते आणि आयक्लाउड कीचेन सुरू असावं लागतं. चौकट येतच नसेल तर आधी या गोष्टी तपासा. बहुतेकदा स्क्रीन लॉक बंद असल्याचं निघतं. कार्यालयाने दिलेल्या खात्यावर मात्र व्यवस्थापकाने ही सोयच बंद ठेवलेली असू शकते, तिथे तुमच्या हातात काही नसतं.

1. फोनच्या ब्राउझरमध्ये `myaccount.google.com` उघडा, सुरक्षेच्या विभागात जा आणि `Passkeys and security keys` वर टॅप करा. `g.co/passkeys` या छोट्या पत्त्यानेही तिथे पोचता येतं.

2. आधी यादी वाचा. अँड्रॉइड फोनमध्ये तुमचं गूगल खातं आधीपासून असेल, तर त्या फोनसाठी पासकी आपोआप बनलेली असू शकते आणि ती या यादीत वेगळी दिसते. तशी असेल तर याच फोनवर पुन्हा बनवायची गरज नाही.

3. नसेल तर `Create a passkey` दाबा. चौकट वर आली की थांबा आणि ‘कुठे साठवणार’ ती ओळ वाचा. तिथे `Google Password Manager` असं दिसायला हवं. दुसरा एखादा पासवर्ड मॅनेजर बसवलेला असेल तर त्याचं नाव दिसेल. तो तुम्ही रोज वापरत असाल तर तेही ठीक. ओळखीचं नाव नसेल तर पुढे जाऊ नका, दुसरीकडे साठवण्याचा पर्याय त्याच चौकटीत असतो.

4. ठसा किंवा पिन द्या. यादीत नवी नोंद, तारखेसह, दिसली की काम झालं. नाव बदलायची सोय असेल तर ‘निळा फोन, गूगल मॅनेजर’ असं काहीतरी स्वतःला समजेल असं नाव द्या. वर्षभराने तीन नोंदींमधून एक पुसायची वेळ येते तेव्हा याची किंमत कळते.

आता लॅपटॉप. तिथे हेच लॉगिन करताना विंडोजची स्वतःची खिडकी येऊन सांगते, की या संगणकावर पासकी नाही. नवख्या माणसाला वाटतं, पासकी बिघडली. बिघडलेलं काहीच नसतं. विंडोज फक्त स्वतःच्या कपाटात बघतं आणि तुमची किल्ली गूगलच्या कपाटात आहे. क्रोममध्ये त्याच गूगल खात्याने सिंक चालू असेल तर तिथून ती मिळू शकते. तसं नसेल तर त्या खिडकीत फोनचा पर्याय निवडा. पडद्यावर क्यूआर कोड येईल, तो फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा, फोनवर ठसा द्या आणि लॅपटॉपवर लॉगिन होईल. किल्ली या सगळ्यात फोनमधून बाहेर पडत नाही. लॅपटॉपकडे फक्त सही जाते, म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर लॉगिन करायलाही हा मार्ग बरा. मात्र काम झालं की लॉगआउट करायला विसरू नका.

क्यूआरच्या वाटेवर हमखास अडखळायची जागा म्हणजे ब्लूटूथ. दोन्ही उपकरणांवर ते चालू हवं. जोडणी करायची गरज नाही, नुसतं चालू असलं की पुरे. फोन संगणकाच्या खरंच जवळ आहे, हे त्यावरून पडताळलं जातं. दूर बसलेल्या चोराने स्वतःच्या पडद्यावरचा कोड तुम्हाला पाठवला आणि तुम्ही भाबडेपणाने स्कॅन केला, तरी त्याचा संगणक जवळ नसल्यामुळे लॉगिन होत नाही. ज्या जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथच नाही, तिथे हा मार्ग चालणार नाही. शिवाय दोन्हीकडे इंटरनेट लागतं, आणि कार्यालयाच्या जाळ्यावर काही गोष्टी अडवलेल्या असतील तर तिथेही गाडी अडते. अशा वेळी लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर घेऊन बघा. एक इशारा इथेच देतो: मेसेजिंग अॅप संगणकाला जोडताना जो क्यूआर कोड स्कॅन करतात तो पासकीचा नसतो आणि त्यात जवळ असण्याची ही तपासणी असेलच असं नाही. म्हणून कुणी पाठवलेला लॉगिनचा कोड कधीच स्कॅन करू नये.

लॅपटॉप रोजचाच असेल तर दर वेळी क्यूआर काढण्यापेक्षा त्याच्यासाठी वेगळी पासकी बनवणं सोपं. एका खात्याला अनेक पासकी चालतात. लॅपटॉपवरून तेच पान उघडा आणि पासकी तयार करताना साठवण्याची जागा म्हणून विंडोज हॅलो, म्हणजे विंडोजचं स्वतःचं कपाट, निवडा. ही किल्ली त्या यंत्रातच राहते असं धरून चला. लॅपटॉप बिघडला किंवा विंडोज नव्याने टाकलं की ती गेली. दुसरी फोनच्या मॅनेजरमध्ये आहे, म्हणून हे चालतं. विंडोज 11 मध्ये `Settings`, मग `Accounts`, मग `Passkeys` इथे त्या यंत्रातल्या पासकी दिसतात.

कपाटाचे दोन प्रकार

वर जो फरक आला तो नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. गूगल पासवर्ड मॅनेजर, अॅपलचं आयक्लाउड कीचेन आणि स्वतंत्र पासवर्ड मॅनेजर यांच्यातली पासकी तुमच्या खात्याबरोबर सिंक होते. नवा फोन घेतला, त्याच खात्याने सुरू केला, की ती तिथे येते. येताना ती कुलूपबंद असते. गूगलच्या बाबतीत जुन्या फोनचा स्क्रीन लॉक किंवा मॅनेजरसाठी ठरवलेला पिन विचारला जातो आणि चुकीचे प्रयत्न मोजकेच चालतात. म्हणजे जुना फोन विकला, पुसला, तरी त्याचा पिन किंवा पॅटर्न विसरून चालत नाही. नव्या फोनवर सगळं स्थिरस्थावर होईपर्यंत तो आठवणीत ठेवा.

दुसऱ्या प्रकारची पासकी यंत्राला बांधलेली असते. यूएसबीत लावायच्या छोट्या सुरक्षा-किल्लीतली पासकी अशीच असते. तिची प्रत कुठेच नसते. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तम, पण एकच ठेवली आणि ती हरवली तर अवघड. अशी ठेवायची तर दोन ठेवायच्या.

अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला, किंवा उलट, तर गूगलच्या कपाटातली किल्ली अॅपलच्या कपाटात आपोआप जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. सोपा मार्ग असा: जुना फोन हातात असतानाच नव्या फोनवरून प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात जा, गरज पडली तर जुन्या फोनने क्यूआर स्कॅन करून, आणि नव्या फोनवर नवी पासकी बनवा. ती चालते याची खात्री झाल्यावर जुनी पुसा.

किल्ली त्याच घरात ठेवून घराला कुलूप

गूगल खात्याच्या बाबतीत एक गाठ आहे. खात्याची पासकी गूगलच्या मॅनेजरमध्ये आहे, आणि मॅनेजर उघडायला तेच खातं लागतं. फोन एकच आणि तो हरवला, तर नव्या फोनवर खात्यात शिरण्यासाठी पासकी हवी आणि पासकीसाठी खातं हवं. अॅपल खात्याचंही तसंच. म्हणून मॅनेजर ज्या खात्यावर उभा आहे, त्या एका खात्यासाठी वेगळी वाट आधी करून ठेवावी लागते. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल आजही चालू आहेत ना ते बघा. गूगलमध्ये द्विस्तरीय पडताळणी सुरू असेल तर बॅकअप कोड काढता येतात. एका संचात 8 अंकी 10 कोड असतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून फोनपासून दूर ठेवा. फोनच्या गॅलरीत फोटो काढून ठेवलेले कोड फोनबरोबरच जातात.

पासवर्ड अजून तिथेच आहे

पासकी बनली म्हणजे पासवर्ड रद्द झाला, असं बहुतेक सेवांमध्ये होत नाही. घराला नवं, भक्कम दार बसलं, पण जुनं दार तसंच राहिलं. त्या जुन्या दाराचा पासवर्ड जर दहा ठिकाणी वापरलेला असेल, तर चोर नव्या दाराकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणून पासकी बनवल्यावर त्याच बैठकीत पासवर्ड बदला. मॅनेजरकडून 20 अक्षरांचा, इतर कुठेही न वापरलेला पासवर्ड बनवून घ्या. तो आता रोज टाकायचा नाही, त्यामुळे लक्षात राहण्यासारखा असण्याची गरजच उरत नाही. द्विस्तरीय पडताळणीही बंद करू नका, ती त्या जुन्या दारासाठी आहे.

आणि आता तो पिन. फोनचा पिन चालतो म्हणजे ज्याला फोन आणि पिन दोन्ही मिळाले, त्याला तुमच्या पासकी वापरता येतात. चार अंकी पिन मागून बघून लक्षात ठेवता येतो. तो सहा किंवा जास्त अंकांचा करा. आयफोनवर आयओएस 17.3 पासून चोरीपासून संरक्षणाची सोय आहे, `Stolen Device Protection` या नावाने. ती चालू असली तर ओळखीच्या जागेबाहेर साठवलेले पासवर्ड आणि पासकी वापरायला चेहरा किंवा ठसाच लागतो, पिन चालत नाही. ती जरूर चालू करा. घरात एकच फोन दोघे-तिघे वापरत असतील आणि सगळ्यांचे ठसे त्यात नोंदवलेले असतील, तर त्या फोनवर पासकी बनवणं म्हणजे त्या सगळ्यांना तुमच्या खात्याची किल्ली देणं. तिथे `Not now` हेच योग्य उत्तर. दुसऱ्याच्या फोनवर किंवा संगणकावर तर कधीच नको.

पुसताना दोन टोकं

पासकीची दोन टोकं असतात आणि ती वेगवेगळी पुसावी लागतात. फक्त मॅनेजरमधली पुसली तर खासगी किल्ली गेली, पण सेवेकडे नमुना पडून राहतो. फक्त सेवेच्या यादीतून पुसली तर फोन पुढेही तीच मेलेली पासकी सुचवत राहतो, तुम्ही ठसा देता आणि ‘पासकी ओळखता आली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. ठसा बरोबर, तरी लॉगिन नाही, असं झालं तर बहुधा हेच कारण. मॅनेजर उघडून ती नोंद काढून टाका. आयओएस 18 पासून आयफोनमध्ये त्यासाठी `Passwords` हे वेगळं अॅप आहे, गूगलसाठी `passwords.google.com` हा पत्ता.

फोन चोरीला गेला असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या उपकरणावरून खात्यात जा आणि सेवेच्या यादीतली नोंद पुसा. नमुनाच नसेल तर चोराच्या हातातली किल्ली कुठेच लागत नाही. गूगलच्या यादीतली आपोआप बनलेली पासकी मात्र थेट पुसता येत नाही. तिच्यासाठी खात्याच्या उपकरणांच्या यादीत जाऊन तो फोन साइन आउट करावा लागतो. सिंक होणारी पासकी सेवेकडून पुसली की ती तुमच्या इतर उपकरणांवरही निकामी होते, तेव्हा लगेच नवी बनवा.